राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकताय? आधी परतीचा रस्ता तपासा

जुन्या राउटरला कंपनीचे अपडेट यायचे बंद होतात, पण राउटर मात्र धडधाकट असतो. अशा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकता येतं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरचा सोर्स कोड खुला झाल्यावर 2004 मध्ये हा प्रकल्प सुरू झाला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येत असतात. म्हणजे कंपनीने सोडून दिलेल्या राउटरलाही सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. शिवाय जाहिराती अडवणं, वायरगार्ड व्हीपीएन चालवणं, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढणं आणि लाइनवरची गर्दी आवरणं, ही कामं राउटरवरच होतात.

त्याच्यासोबत एक भीती असते ती ‘ब्रिक’ होण्याची. म्हणजे राउटरचे दिवे लागतात, पण तो काहीच करत नाही. ही भीती खोटी नाही. पण बहुतेक वेळा राउटर मेलेला नसतोच, आपल्याकडे त्याला उठवायची तयारी नसते. म्हणून या लेखात इन्स्टॉल करण्याइतकाच भर मी त्या तयारीवर देणार आहे. उदाहरण एकच धरू: टीपी-लिंक आर्चर सी7, आवृत्ती 5. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका मित्राने हा सेकंडहँड घेतला आणि त्याच्या घरी बसून आम्ही तो बदलला. विजेबद्दल त्याचा पहिलाच प्रश्न होता, “भाऊ, मधातच लाइन गेली तर?” प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर पुढे येईलच.

राउटर उलटा करून लेबल वाचा

मॉडेलचं नाव सारखं असलं तरी आतला माल सारखा असेलच असं नाही. आर्चर सी6 ची दुसरी आवृत्ती क्वालकॉमच्या चिपवर चालते आणि तिसरी मीडियाटेकच्या. एकीची फाइल दुसरीवर चालत नाही. म्हणून खालच्या लेबलवर `Ver: 5.0` असं काय लिहिलंय ते आधी बघा. बर्डीवर किंवा ओळखीत जुना राउटर घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी लेबलचा फोटो मागा. खोक्यावर भरवसा ठेवू नका, कारण जुन्या मालात खोका एकाचा आणि राउटर दुसऱ्याचा असं सर्रास होतं.

मग ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या Table of Hardware मध्ये तेच मॉडेल आणि तीच आवृत्ती शोधा. तिथे फ्लॅश आणि रॅम किती आहे तेही दिलेलं असतं. 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमचे जुने स्वस्त राउटर आता सोडूनच द्या. 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅमवरही ओढाताण होते. आपल्या सी7 मध्ये 16 एमबी फ्लॅश आणि 128 एमबी रॅम आहे, घरच्या कामाला ते पुरतं.

इंटरनेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्याला मात्र हात लावू नका. तो त्यांचा असतो आणि त्यातली फायबरची बाजू ओपनडब्ल्यूआरटीला सहसा हाताळता येत नाही. तो डबा आहे तसा राहू द्या, आपला राउटर त्याच्या मागे लावा. राउटर वॉरंटीत असेल तर ती जाईल असंच धरून चाला.

सुरुवातीआधी काय काय जमवायचं

नागपुरात बऱ्याच घरी गल्लीतल्या ऑपरेटरची लाइन पीपीपीओई युजरनेम-पासवर्डवर चालते. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये युजरनेम दिसतं, पासवर्ड टिंबांमागे लपलेला असतो. तो आजच ऑपरेटरला फोन करून मागून घ्या आणि कागदावर लिहा. त्याच फोनमध्ये लाइनला व्हीलॅन नंबर आहे का आणि जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या नगाच्या ओळखक्रमांकाला, बांधलेली आहे का, हेही विचारा. रात्री 11 वाजता राउटर नवा झाला आणि पासवर्ड माहीत नाही, असं झालं तर सकाळपर्यंत घर नेटविना.

आता फाइली. सगळं आधीच उतरवून लॅपटॉपवर ठेवायचं, कारण मधल्या वेळात घरी इंटरनेट नसेल. firmware-selector.openwrt.org वर मॉडेल टाकलं की दोन फाइली दिसतात. `factory` ही कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा उडी मारताना वापरायची. `sysupgrade` ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असताना पुढच्या आवृत्तीवर जाण्यासाठी. आज आपल्याला `factory` लागेल. तिसरी फाइल म्हणजे टीपी-लिंकच्या साइटवरचं याच आवृत्तीचं मूळ फर्मवेअर. परत फिरायची वेळ आली तर हीच कामी येते.

उतरवलेली फाइल अर्धवट नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून फाइलच्या फोल्डरमध्ये जा आणि हे चालवा, नाव तुमच्या फाइलचं घाला:

```
certutil -hashfile factory.bin SHA256
```

जो लांबलचक आकडा येईल तो साइटवर त्या फाइलखाली दिलेल्या `sha256sum` शी जुळला पाहिजे. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल पुन्हा उतरवा.

राउटरच्या आत काय बदलतं

इथे थोडं थांबू, कारण ब्रिकचं सगळं गणित यातच आहे. राउटरच्या फ्लॅश चिपमध्ये वेगवेगळे कप्पे असतात. पहिल्यात बूटलोडर असतो, म्हणजे वीज आल्या आल्या चालणारा छोटा प्रोग्राम. मधल्या मोठ्या कप्प्यात फर्मवेअर. शिवाय `art` नावाचा लहानसा कप्पा असतो, त्यात त्या राउटरच्या वायफायचं कारखान्यात केलेलं कॅलिब्रेशन असतं.

`factory` फाइल मधला कप्पा बदलते, बूटलोडरला हात लावत नाही. त्यामुळे लिहिताना मधेच वीज गेली तर मधला कप्पा अर्धवट राहतो, पण बूटलोडर जिवंत असतो आणि त्याच्याकरवी फर्मवेअर पुन्हा भरता येतं. हा सॉफ्ट ब्रिक. बूटलोडरच खराब झाला तर तो हार्ड ब्रिक, मग राउटर उघडावा लागतो. `art` गेला तर राउटर चालतो, पण वायफाय नीट चालत नाही. तो मजकूर प्रत्येक नगाचा वेगळा असल्याने बॅकअप नसेल तर कुठूनही आणता येत नाही.

रंगीत तालीम

सी7 च्या बूटलोडरमध्ये सुटकेची सोय आहे. रीसेट बटण दाबून राउटर चालू केला की तो लॅन केबलवरून `192.168.0.66` या पत्त्याच्या कॉम्प्युटरकडे टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने एक ठरलेली फाइल मागतो. पाचव्या आवृत्तीत तिचं नाव असतं:

```
ArcherC7v5_tp_recovery.bin
```

ही सोय आपल्याकडे चालते का, हे राउटर ठणठणीत असतानाच बघून घ्यायचं. आणि तालीम करताना फोल्डर रिकामं ठेवायचं. म्हणजे राउटर फाइल मागेल, त्याला ती मिळणार नाही, आणि काहीही लिहिलं न जाता सगळा रस्ता तपासून होईल.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा. नेटवर्क केबलच्या सेटिंगमध्ये आयपी `192.168.0.66` आणि मास्क `255.255.255.0` हाताने घाला. टीएफटीपीडी64 हा छोटा मोफत प्रोग्राम उघडा, त्याला रिकामं फोल्डर आणि हाच आयपी दाखवा. विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा. रीसेटने फाइल मिळत नाही अशा बऱ्याच तक्रारींमागे ही फायरवॉलच असते. केबल राउटरच्या पिवळ्या-केशरी रंगाकडे न बघता, छापलेलं नाव वाचून लॅन पोर्टमध्ये लावा. राउटर बंद करा, रीसेट दाबून धरा, तसाच धरून चालू करा आणि डब्ल्यूपीएसचा दिवा लागला की बटण सोडा.

आता टीएफटीपीडीच्या लॉगकडे बघा. वरच्या फाइलच्या नावाची मागणी दिसली आणि खाली फाइल सापडली नाही असं आलं, तर तालीम पार पडली. राउटर बंद करून साधा चालू करा, तो नेहमीसारखा उठेल. नाव थोडं वेगळं दिसलं तर लॉगमधलंच नाव खरं माना आणि लिहून ठेवा.

डब्ल्यूपीएसचा दिवा लागतो पण लॉगमध्ये काहीच येत नाही, असंही होतं. मित्राच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं. राउटर चालू झाल्यावर लॅपटॉपचा नेटवर्क पोर्ट जागा व्हायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात बूटलोडर मागून मोकळा होतो. मधे एक साधा स्विच लावला की लॅपटॉपची जोडणी कायम चालू राहते आणि मागणी पोचते. जुना कुठलाही राउटर असला तर त्याचे लॅन पोर्टही स्विच म्हणून चालतात, फक्त त्याचं डीएचसीपी बंद ठेवा.

तालीम जमली की मूळ फर्मवेअरच्या फाइलची एक प्रत त्या फोल्डरमध्ये लॉगमधल्या नावाने ठेवून द्या. तालीम काही केल्या जमत नसेल, तर राउटर बदलायचा बेत तूर्तास सोडा. घरात तो एकच राउटर असेल तर नक्कीच सोडा.

लाइन गेली तर

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं: आधी ती जाणार नाही असं बघायचं. नवतप्यात दुपारी ट्रान्सफॉर्मरवर ताण असतो, अवकाळीच्या दिवसांत संध्याकाळी वारा सुटला की लाइन हमखास जाते. सकाळची वेळ बरी. लॅपटॉप चार्ज केलेला ठेवा आणि राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा.

पण इन्व्हर्टर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे यूपीएस मोडचा खटका असतो. तो साध्या मोडवर असेल तर बदल होताना क्षणभर वीज तुटते. पंख्याला त्याने काही होत नाही, राउटर मात्र रीस्टार्ट होतो. चाचणी सोपी आहे. राउटर चालू असताना घरची मेन एमसीबी खाली पाडा आणि दिव्यांकडे बघा. सगळे दिवे एकदम विझून परत लागले तर त्या इन्व्हर्टरवर हे काम करू नका. खटका यूपीएसवर करून पुन्हा बघा, किंवा कॉम्प्युटरचा यूपीएस वापरा.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

लॅपटॉपचा आयपी पुन्हा ऑटोमॅटिक करा. वॅनची, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणारी, केबल काढून ठेवा. `192.168.0.1` वर लॉगिन करून Advanced, मग System Tools, मग Firmware Upgrade इथे जा. `factory` फाइलचं नाव खूप लांब असतं, काही वेळा कंपनीचं पान त्यावरच अडतं, म्हणून आधीच ते `factory.bin` करून घ्या. हे सगळं केबलवरून करायचं, वायफायवरून अजिबात नाही.

फाइल निवडली, अपग्रेड दाबलं, की हात मागे घ्या. टक्केवारीची पट्टी अडकली तरी काही करू नका. लिहून झाल्यावर पहिल्यांदा उठताना राउटर आपली सेटिंगची जागा तयार करतो, त्याला वेळ लागतो. पाच मिनिटं पूर्ण होऊ द्या. घाबरून मधेच प्लग काढल्यानेच बरेच राउटर अडकतात.

त्यानंतर जुनं पान उघडत नाही आणि नवखा माणूस समजतो की गेला राउटर. तसं नसतं. ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता `192.168.1.1` आहे, आणि वायफाय मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. केबल काढून परत लावा म्हणजे लॅपटॉपला नवा आयपी मिळेल, मग ब्राउझरमध्ये `http://192.168.1.1` टाका. युजरनेम `root`, पासवर्ड रिकामा.

पहिला तास

सगळ्यात आधी System मधून Administration मध्ये जाऊन पासवर्ड घाला. मग लगेच `art` चा बॅकअप. System खालच्या Backup / Flash Firmware पानावर Save mtdblock contents असा भाग आहे, त्यात `art` निवडून फाइल उतरवा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच यादीतल्या बाकीच्या कप्प्यांच्याही प्रती घेतल्या तर उत्तमच.

वॅनची केबल लावण्याआधी एक बघा. फायबरच्या डब्याचा पत्ताही पुष्कळदा `192.168.1.1` असतो. डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल तर दोन्ही पत्ते भिडतात आणि नेट चालत नाही. त्यासाठी Network मधल्या Interfaces मध्ये लॅनचा पत्ता `192.168.2.1` करा. डबा ब्रिज मोडवर असेल, म्हणजे लाइन नुसती पुढे देत असेल, तर तिथेच वॅनचा प्रोटोकॉल PPPoE करून कागदावरचं युजरनेम-पासवर्ड घाला. सगळं बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर जोडणी बहुधा जुन्या मॅक पत्त्याला बांधलेली आहे. ऑपरेटरला तो रीसेट करायला सांगा.

वायफाय चालू करताना देश `IN` निवडा. जास्त पॉवर मिळते म्हणून दुसऱ्या देशाचा कोड घालू नका. कोणत्या चॅनेलवर किती पॉवर चालते हे इथल्या नियमांवर ठरतं.

आता ज्यासाठी एवढी खटपट केली ते एसक्यूएम. घरात कोणी मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढवायला लावले की व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण अपलोडची रांग डब्यात किंवा राउटरमध्ये साचते आणि कॉलचे छोटे पॅकेट त्या रांगेत अडकतात. एसक्यूएम ही रांग साचूच देत नाही. System मधल्या Software पानावरून `luci-app-sqm` टाका, किंवा लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएसएचने राउटरमध्ये शिरून:

```
opkg update
opkg install luci-app-sqm
```

ही कमांड 24.10 मालिकेपर्यंतची. त्यापुढच्या आवृत्त्यांत `opkg` च्या जागी `apk` आलं आहे, तिथे `apk update` आणि `apk add luci-app-sqm` म्हणा. मग सेटिंगमध्ये वॅनचा इंटरफेस निवडा, पीपीपीओई असेल तर `pppoe-wan`. केबल लावून मोजलेल्या स्पीडच्या 90 टक्के आकडा किलोबिटमध्ये भरा. 100 एमबीपीएस भरत असेल तर 90000. पद्धत `cake` आणि `piece_of_cake.qos` ठेवा. फरक कळण्यासाठी एकीकडे `ping -t 8.8.8.8` चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करा. अपलोड सुरू होताच पिंगचे आकडे कित्येक पट वाढले, तर अपलोडचा आकडा आणखी थोडा कमी करा.

एक मर्यादा आधीच सांगतो. सी7 चा प्रोसेसर एकाच कोअरचा आहे. एसक्यूएम लावून त्याच्याकडून साधारण 150 ते 200 एमबीपीएसच्या वर अपेक्षा ठेवू नका. प्लॅन 300 चा असेल तर या राउटरवर एसक्यूएम लावल्याने स्पीड कमी दिसेल. त्यात फर्मवेअरची चूक नसते.

अडकलाच तर

सेटिंगच्या चुकीने आत जाता येत नसेल, तर फेलसेफ मोड आहे. राउटर चालू करा, पॉवरचा दिवा झपाट्याने लुकलुकू लागला की रीसेट एकदा दाबा, लुकलुकणं आणखी जलद होतं. लॅपटॉपला हाताने `192.168.1.2` द्या आणि:

```
ssh root@192.168.1.1
mount_root
firstboot -y
reboot -f
```

सगळी सेटिंग पुसून राउटर कोरा होतो, फर्मवेअर तसंच राहतं.

राउटर सारखा रीस्टार्ट होत असेल, फेलसेफही लागत नसेल, तर तालमीसारखाच टीएफटीपी पुन्हा लावा. या वेळी फोल्डरमध्ये मूळ फर्मवेअर आहे, त्यामुळे लॉगमध्ये फाइल जाताना दिसेल. ती गेल्यावर पाच मिनिटं तसंच थांबा, राउटर `192.168.0.1` वर कंपनीच्या रूपात उठेल.

रीसेट धरूनही डब्ल्यूपीएसचा दिवा लागत नाही, लॅन पोर्टचा दिवाही नाही, तेव्हा बूटलोडरची शंका घ्या. मग राउटर उघडून फ्लॅश चिपला सीएच341ए प्रोग्रामर क्लिपने लावून मजकूर भरावा लागतो. मोबाइल दुरुस्तीचं बारीक काम करणाऱ्या कारागिराला हे जमतं, पण त्याच्याकडे तुमच्या घेतलेल्या कप्प्यांच्या प्रती द्याव्या लागतील. सीरिअल केबल लावून बघायचं असेल तर ती 3.3 व्होल्टचीच हवी, आणि जीएनडी, टीएक्स, आरएक्स एवढ्याच तारा जोडायच्या. व्हीसीसी सोडून द्यायची.

पुढच्या आवृत्तीवर जाताना

नवी आवृत्ती आली की `sysupgrade` फाइल उतरवा, तिचाही sha256 जुळवा आणि Backup / Flash Firmware पानावरूनच ती टाका. छोट्या अपडेटला Keep settings वर खूण ठेवली तरी चालतं. मालिका बदलत असेल, समजा 23.05 वरून 24.10, तर त्या आवृत्तीच्या नोंदी आधी वाचा. कधी कधी जुनी सेटिंग नव्यात चालत नाहीत आणि खूण काढूनच अपग्रेड करावं लागतं. आपण वरून टाकलेले पॅकेज अपग्रेडमध्ये पुसले जातात, `luci-app-sqm` पुन्हा टाकावं लागतं. त्याची सेटिंग मात्र खूण ठेवली असेल तर जशीच्या तशी परत मिळतात.